काच उंच, तरी मान दुखते

हायवेवर लांब जाणारी बरीच मंडळी एकाच चक्रातून जातात. काच नसलेल्या मोटारसायकलवर दोन-तीन तास वारा खाऊन छाती आणि दंड भरून येतात, म्हणून उंच विंडशील्ड बसवून घेतात. छातीवरचा वारा जातो, पण पुढच्याच प्रवासात हेल्मेट गदागदा हलायला लागतं आणि मान धरते. दुकानदार याहून मोठी काच दाखवतो. ती घेण्याआधी मुळात काय बिघडलं हे समजून घेतलं, तर पैसे वाचतील आणि मानही.

वाऱ्याचं गणित साधं आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताठ बसलेल्या माणसाच्या छातीवर ताशी ६० किलोमीटरला साधारण आठ किलोचा दाब येतो, ८० ला पंधरा आणि १०० ला तेवीस-चोवीस. यात समोरून येणारा वारा मिळवायचा. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. या पट्ट्यात समोरून ताशी २० चा वारा असला, तर काट्यावर ८० दिसत असताना शरीर १०० चा मार सोसत असतं.

मात्र हा दाब एकसारखा असेल तर शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. थोडं पुढे झुकून बसायच्या गाड्यांवर तर छातीवरचा वारा हातांवरचं वजन कमीही करतो. खरा त्रास हिसक्यांचा. दीड किलोचं हेल्मेट सेकंदाला अनेकदा इकडेतिकडे ढकललं जातं आणि ते सावरायला मानेचे स्नायू सतत ताणलेले राहतात. हलत्या डोक्यामुळे नजर पुसट होते, लांबची पाटी वाचताना डोळे बारीक करावे लागतात. त्यात आवाजाची भर. ताशी १०० च्या आसपास हेल्मेटच्या आतला आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. वारा हेल्मेटच्या कडांवर आपटून हा आवाज होतो, इंजिनचा त्यात फार वाटा नसतो. मुक्कामी पोचल्यावर कानात घूं होत राहतं आणि कोणाशी बोलायची इच्छा उरत नाही, त्याचं मोठं कारण हेच.

हे हिसके येतात कुठून? नदीतल्या पुलाच्या खांबामागे पाणी जसं भोवरे घेत सुटतं, तसंच काचेच्या वरच्या कडेवरून हवा सुटते. कडेच्या वर वेगवान, सरळ वाहणारी हवा. काचेच्या मागे जवळजवळ थांबलेली हवा. या दोन्हींच्या सीमेवर भोवऱ्यांचा एक पट्टा तयार होतो आणि तो मागे आणि थोडा वर सरकत चालकाकडे येतो. शिवाय काचेच्या मागे हवेचा दाब कमी झालेला असतो, त्यामुळे वरची हवा आत ओढली जाते आणि भोवरे आणखी जोरदार होतात. छोट्या काचेचा पट्टा छातीवर किंवा खांद्यावर आदळतो, तिथे तो फारसा जाणवत नाही. डोकं त्याच्या वर, स्वच्छ वाऱ्यात राहतं. खूप उंच काचेचा पट्टा डोक्यावरून निघून जातो. सगळा घोळ मधल्या उंचीचा, कारण तिथे तो नेमका हेल्मेटवर येतो. आणि ही मधली उंची ज्याची त्याची वेगळी असते. एकच काच पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाला उत्तम वाटते आणि पाच फूट दहावाल्याला असह्य होते. खरेदीआधी दुसऱ्याचा अभिप्राय वाचायचा असेल, तर आधी त्याची उंची विचारावी.

१९७६ साली बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस बाजारात आणली. तिची पूर्ण फेअरिंग इटलीत पिनिनफरिनाच्या वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घडवली होती. एवढी मेहनत कारखाना घेऊ शकतो. पण त्यालाही एक ठरावीक उंचीचा, ठरावीक पद्धतीने बसणारा माणूस धरूनच चालावं लागतं. तुम्ही त्यात बसत नसाल तर उरलेली जुळवाजुळव तुमच्याकडे येते. सुदैवाने तिला बोगदा लागत नाही.

माझा एक मित्र, उंची पाच फूट दहा. साडेतीनशे सीसीची, ताठ बसायची गाडी, त्यावर बाहेरून घेतलेली उंचशी काच. पुण्याहून निघाल्यावर खंबाटकी घाट येईपर्यंत त्याची मान अवघडायची. पहिली गोष्ट आम्ही केली ती म्हणजे त्रास नक्की काचेचा आहे ना, हे पाहिलं. ट्रकच्या मागे पन्नास मीटरवर राहिलं तर कोणत्याही काचेमागे डोकं हलणारच, कारण ती ट्रकने घुसळलेली हवा असते. म्हणून सकाळी लवकर, मोकळ्या रस्त्यावर, वारा पडलेला असताना तो ७० च्या वेगाने गेला. डोकं हलायला लागल्यावर त्याने पाठ वाकवून डोकं तीनेक इंच खाली घेतलं. हादरे एकदम थांबले, आवाजही उतरला. मग सरळ रस्ता बघून फूटरेस्टवर जोर देऊन सीटवरून थोडा उचलला गेला. हादरे कमी झाले, आवाज मात्र मोकळ्या वाऱ्याचा, मोठा पण एकसुरी. म्हणजे त्याचं हेल्मेट बरोबर पट्ट्यात होतं. काच तीन इंच वाढवली तरी चालणार होतं आणि चांगली उतरवली तरी चालणार होतं. आहे तिथेच ठेवणं तेवढं चुकीचं होतं.

डोकं वर-खाली करून काहीच फरक पडला नाही, तर दोष बहुधा वरच्या कडेत नसतो. काचेच्या बाजूंनी किंवा खालून, हँडल आणि टाकीच्या मधल्या फटीतून हवा वर येत असते. अशा वेळी उंची वाढवून उपयोग नाही.

उंच काच विकत घेण्याआधी तिची नक्कल करता येते. मित्राने फाइलचं जाड प्लास्टिक कापून तीन इंचांची पट्टी केली आणि रुंद चिकटपट्टीने दोन्ही बाजूंनी काचेला घट्ट लावली. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती कुठे अडत नाही ना, हे पाहिलं आणि सर्व्हिस रोडवर ५०-६० च्याच वेगाने चालवून बघितलं. एवढ्या वेगातही फरक कळतो. काचेच्या कडेला आणि हेल्मेटच्या कपाळावर लोकरीचे बोटभर धागे चिकटवले, तर सोबतच्या गाडीवरच्याला तेही दिसतात. स्वच्छ हवेत धागा सरळ मागे ताणला जातो, भोवऱ्यात तो गोल गोल फडफडतो.

पट्टीने काम झालं, पण नवी अडचण आली. काचेची कड आता त्याच्या डोळ्यांसमोर होती. कितीही चांगली काच असली तरी रस्ता तिच्या वरून दिसायला हवा, आरपार नव्हे. पावसात काचेला वायपर नसतो. रात्री समोरच्या गाडीचे दिवे काचेवरच्या बारीक चऱ्यांमध्ये फुटून चमकतात. बसल्या जागी कड नाक-हनुवटीच्या पातळीला आणि दहा-पंधरा मीटर पुढचा रस्ता कडेवरून दिसेल, इतपतच उंची ठेवावी.

म्हणून त्याने काच वाढवण्याऐवजी दोन छोटे बदल केले. खालच्या बोल्टखाली आठ मिलिमीटर जाडीचे रबरी वॉशर घातले. त्यामुळे काच किंचित मागे कलली आणि तिच्या तळाशी फट पडली. त्या फटीतून थोडी हवा मागे येऊ लागली, काचेमागचा कमी दाब भरून निघाला आणि भोवऱ्यांचा जोर उतरला. काही काचांना मधे खिडकी ठेवलेली असते तिचं काम हेच. फट बुजवून टाकावी असं बहुतेकांना वाटतं, ती बुजवू नये. दुसरा बदल म्हणजे वरच्या कडेला क्लॅम्पने बसणारी छोटी पट्टी, स्पॉयलर. ती काचेला चिकटवून लावली तर नुसती उंची वाढते. दोन बोटं अंतर सोडून लावली तर मधून जाणारी हवा पट्टा वर उचलते आणि तो गुळगुळीत करते. तिचा कल एका वेळी थोडाच बदलायचा आणि प्रत्येक वेळी त्याच रस्त्याच्या तुकड्यावर बघायचं. तीन-चार फेऱ्यांत हादरे जवळपास गेले. आवाज थोडा राहिला, त्यासाठी फोमचे कानबोळे आहेत आणि ते कोणत्याही काचेपेक्षा स्वस्त आहेत.

काच कशावर बसते हेही दुकानात विचारत नाहीत, पण विचारावं. मोठी काच हँडलला अडकवली तर वाऱ्याचा धक्का थेट स्टेअरिंगमध्ये येतो. बाजूने वारा आला किंवा ट्रक ओलांडला की हँडल हातात चुळबुळतं, वेग वाढला तर गाडी डुलायलाही लागू शकते. हँडलवर छोटी काच ठीक. उंच हवी असेल तर ती चॅसीला धरून बसणारीच घ्यावी. पूर्ण फेअरिंग बहुतेक तशीच असते आणि गुडघ्यांनाही आडोसा देते. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तिच्या मागे इंजिनची गरम हवा पायांवर येते आणि जॅकेटमधून वारा न फिरल्याने घाम वाळत नाही. थंडीत सुख देणारी काच उन्हाळ्यात दमवते. माझं मत विचाराल तर महाराष्ट्रात वर्षभर चालवायच्या गाडीला छोटी काच आणि स्वच्छ वाऱ्यातलं डोकं हेच बरं. उंच काच डिसेंबरच्या पहाटेसाठी वेगळी ठेवावी, चार बोल्टांचंच काम असतं. ते बोल्ट रबरी नटांत हातानेच आवळावेत, पाना जोरात फिरवला की भोकापासून तडा जातो. आणि काचेवरचे चिकटलेले किडे ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून काढावेत. पेट्रोलने किंवा अमोनियाच्या ग्लास-क्लीनरने पुसलं, तर काही दिवसांत काचेवर बारीक जाळी उठते.

मित्राच्या प्रयोगात एकच जण नाराज राहिला. पट्टा त्याच्या डोक्यावरून उचलला गेला आणि मागे, जरा उंच सीटवर बसणाऱ्या बायकोच्या हेल्मेटवर जाऊन पडला. आता दोघं निघाले की तो स्पॉयलर काढून डिकीत टाकतो.