लाभांश घ्यावा की वाढू द्यावा?

जुलै 2022 मध्ये आम्ही आणि आमच्या धाकट्या बंधूंनी एकाच इक्विटी फंडात प्रत्येकी 2 लाख रुपये घातले. 20 रुपये भावाने 10,000 युनिट मिळाले. आम्ही ग्रोथ घेतला, बंधूंनी डिव्हिडंड. 2021 पासून कागदावर त्याला आयडीसीडब्ल्यू म्हणतात. जुलै 2025 ची दोन्ही स्टेटमेंट्स आम्ही दुकानाच्या गादीवर शेजारी ठेवली.

आमचा भाव 28.10, म्हणजे 2,81,000. नफा 81,000. शेअर-फंडाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाची सूट आहे आणि दुसरा असा नफा नाही, म्हणून विकताना कर शून्य.

बंधूंचा भाव 23.04, म्हणजे 2,30,400. त्यांनाही विकताना कर नाही. शिवाय तीनदा 15,000 लाभांश. दरवेळी 1,500 टीडीएस कापून 13,500 जमा. बंधू समजले, कर फिटला! पण एप्रिल 2020 पासून लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. बंधू 30 टक्क्यांच्या टप्प्यात, सेससह कर 14,040. टीडीएसचे 4,500 वजा जाता 9,540 खिशातून गेले, आणि ते स्टेटमेंटवर कुठेच नाहीत. पदरी 2,61,360, आमच्यापेक्षा 19,640 कमी.

यातले 5,600 मात्र कराचे नव्हेत. लाभांश वाटला की युनिटचा भाव तेवढाच उतरतो, पुढची वाढ उरलेल्यावरच होते. ती रक्कम बंधूंनी मालात फिरवली, तो नफा वेगळा मोजावा. ज्यांच्या उत्पन्नावर कर बसतच नाही, त्यांनी रिटर्न भरून कापलेला टीडीएस परत मागावा.