शून्यावर मिटलेली चुकीची आकृती

बाल्कनीला आधार देणारी एक तुळई घेऊ. डावा आधार ‘अ’, त्यापासून ६ मीटरवर दुसरा आधार ‘ब’, आणि ‘ब’च्या पुढे २ मीटर तुळई अधांतरी. ‘अ’पासून २ मीटरवर १२ किलोन्यूटनचा भार, अधांतरी टोकावर ६ किलोन्यूटनचा. (एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोचं वजन.) हिशोब केला तर ‘अ’ आधार ६ आणि ‘ब’ आधार १२ किलोन्यूटन वर उचलतो.

आता शिअरची, म्हणजे तुळईला आडवं कापू पाहणाऱ्या बलाची आकृती तपासायची. पेन्सिलीचं टोक डावीकडून चालवत न्यावं. ‘अ’पाशी रेघ ६ने वर चढते, भाराखाली १२ने उतरून उणे ६वर येते, ‘ब’पाशी १२ने उडी मारून पुन्हा अधिक ६ होते आणि टोकाशी शून्यावर मिटते. प्रत्येक उडी तिथल्या बलाएवढी आणि त्याच दिशेला हवी. दोन बलांच्या मध्ये उडी दिसली, तर तिचा मालक कोण हे विचारावं.

शिअर मिटला म्हणून निर्धास्त होऊ नये. समजा, पहिला भार चुकून ३ मीटरवर काढला, आधारांची बलं मात्र तीच ठेवली. शिअर तरीही शून्यावरच मिटेल, कारण बेरजेला जागा कळत नाही. चोर सापडतो तो मोमेंटच्या, म्हणजे वाकवणाऱ्या परिणामाच्या आकृतीत. दोन बिंदूंमधल्या शिअरच्या आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजे तेवढ्या अंतरात मोमेंटमध्ये झालेला बदल. बरोबर आकृतीत तो आधी १२ने वाढतो, मग २४ने घटून ‘ब’पाशी उणे १२ होतो आणि टोकाशी शून्य. चुकीच्या आकृतीत मात्र मोकळ्या टोकावर १२ शिल्लक उरतात. तिथे वाकवणारं काहीच नसताना हे अशक्य.

पण आधारांची बलं काढतानाही भार ३ मीटरवरच धरला असेल तर? मग दोन्ही आकृत्या चोख मिटतात. गंमत म्हणजे इथे मोमेंटचे मोठे आकडेही अधिक १२ आणि उणे १२ असेच येतात. ही चूक गणितात सापडत नाही. मूळ नकाशातली मापं घेऊन भाराखालून एक उभी रेघ दोन्ही आकृत्यांतून ओढायची, एवढाच उपाय.

चिन्हांचंही तसंच. मोमेंटची सगळी चिन्हं उलटी लिहिली तरी बेरीज मिटतेच. म्हणून संकेत कोपऱ्यात लिहावा, आपल्याकडे बहुधा झोळ पडला की अधिक, आणि तुळई कशी वाकेल ते हाताने रेखाटावं. इथे भाराखाली झोळ आहे. ‘ब’वर तुळई कुबडासारखी वर उचलते आणि वरची बाजू ताणली जाते. मुख्य सळया तिथे वरच्या बाजूलाच हव्यात. आकृतीत ‘ब’वर अधिक चिन्ह दिसलं, तर सळया बांधण्याआधी ती परत पाठवा.