मेल पेस्ट करण्याआधी शेपटी कापा

सप्टेंबर २०१७मध्ये नॉर्वेच्या एनआरके या सरकारी प्रसारण संस्थेने एक बातमी दिली. स्टॅटऑइल या तिथल्या तेल कंपनीतल्या (आताचं नाव एक्विनॉर) लोकांनी Translate.com या फुकट संकेतस्थळावर भाषांतरासाठी टाकलेला मजकूर साध्या गूगल शोधात सापडत होता. त्यात नोकरीवरून काढल्याच्या नोटिसा होत्या, कर्मचारी-कपातीचे बेत होते, करार होते, पासवर्डसुद्धा होते. बातमीनंतर ऑस्लोच्या शेअर बाजाराने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अशी संकेतस्थळं बंद केली.

यात कुणी कुलूप फोडलं नव्हतं. यंत्राचं भाषांतर सुधारावं म्हणून तो मजकूर पूर्वी स्वयंसेवक भाषांतरकारांना दाखवला जायचा, असं संकेतस्थळाच्या कंपनीने सांगितलं. थोडक्यात, मजकूर ज्यांनी टाकला त्यांनी स्वतःच्या हाताने तो तिऱ्हाइताला दिला होता.

सगळ्याच सेवा इतक्या ढिसाळ नसतात, पण फुकट आणि पैसे भरून घेतलेली सेवा यांच्या अटी वेगळ्या असतात. डीपएलचंच बघा. फुकट वापरात तुमचा मजकूर यंत्र शिकवायला वापरला जाऊ शकतो; पैसे भरणाऱ्याचा तसा वापरला जात नाही. गूगल ट्रान्सलेटमध्ये ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीकडे लक्ष द्या. `text=` या खुणेनंतर तुम्ही टाकलेली वाक्यं तिथेच दिसतात. म्हणजे सायबर कॅफेतल्या किंवा ऑफिसच्या सामायिक संगणकावर ती ब्राउझरच्या हिस्ट्रीतही राहतात.

आता समजा, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात जर्मन ग्राहकाचा मेल आला. मजकूर पाच ओळींचा: १ ऑक्टोबरपासून नगामागे दर १२,४० युरो, महिन्याला 1.250 नग, आणि नमुना मंजूर होईपर्यंत माल पाठवू नका. पण खाली जुन्या मेलची लांबलचक साखळी. तिच्यात ड्रॉइंग नंबर, दुसऱ्या पुरवठादाराचा दर, चार जणांची नावं आणि फोन, तळाशी बँकेचा खाते क्रमांक. घाईत माणूस सगळं निवडतो आणि पेस्ट करतो. माझ्या मते खरी गळती त्या पाच ओळींत नसून या शेपटीत असते, आणि तिचं भाषांतर कुणाला नकोच असतं. शिवाय ग्राहकाशी गुप्ततेचा करार झाला असेल, तर ड्रॉइंग आणि दर तिऱ्हाइताच्या हाती देणं हाच करारभंग ठरू शकतो. पुढे काही फुटलं की नाही, हा नंतरचा प्रश्न.

म्हणून आधी मजकूर वेगळ्या कोऱ्या फाइलमध्ये घ्यावा आणि शेपटी उडवावी. मग कंपनीच्या नावाजागी `Firma A`, माणसाच्या जागी `Herr B`, ड्रॉइंग नंबराच्या जागी `Teil 1` लिहावं. असे शब्द जर्मन वाक्यात नीट बसतात. नुसते फुल्या-ठिपके टाकले तर वाक्याची रचना बिघडते आणि भाषांतरही. दराच्या जागी `Preis X` चालतं. कुठल्या खुणेमागे काय आहे हे कागदावर लिहून ठेवावं आणि भाषांतर आल्यावर परत भरावं. पाच मिनिटांचं काम आहे. मात्र 'अमुक पंपाचं एकमेव पुरवठादार' अशी ओळख पटवणारी वाक्यं राहिली, तर नाव खोडून उपयोग नाही.

आकडे तर तसेही हातानेच तपासायचे असतात. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरतात. 1.250 म्हणजे तिकडे बाराशे पन्नास. आपल्याकडचा माणूस सव्वा वाचेल. यंत्र कधी हे बदलतं, कधी तसंच सोडतं, त्यामुळे मूळ मेल शेजारी उघडा ठेवून एकेक आकडा बघावा. त्यानंतर नकार शोधावा. 'पाठवू नका' मधलं 'नका' जर्मन वाक्यात बरंच शेवटी येऊ शकतं आणि लांब वाक्यात ते गळलं, तर भाषांतर वाचायला छान असतं, अर्थ मात्र उलटा. 'मंजूर होईपर्यंत' सारखी अटही अशीच निसटते. वाक्य लांब असेल तर दोन तुकडे करून पुन्हा भाषांतर करावं आणि दोन्ही वेळा एकच अर्थ येतो का ते पाहावं. तरी शंका राहिली, तर ग्राहकालाच साध्या इंग्रजीत विचारावं: नमुना मंजूर होण्याआधी माल पाठवायचा नाही, बरोबर ना?

बँक खातं बदलल्याचा मेल असेल, तर भाषांतर कितीही नीट असो, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री होईपर्यंत पैसे पाठवू नयेत.

मजकूर बाहेर न पाठवता भाषांतर करण्याची सोयही आहे. फायरफॉक्स ब्राउझर २०२३च्या ११८व्या आवृत्तीपासून जर्मनसारख्या भाषांचं भाषांतर तुमच्याच संगणकावर करतो. मेल त्यात उघडला तर भाषांतरासाठी मजकूर कुठल्या सर्व्हरकडे जात नाही. फोनवर गूगल ट्रान्सलेटमध्ये भाषा उतरवून घेऊन इंटरनेट बंद करूनही काम होतं. दर्जा थोडा कमी मिळेल, पण मेलमध्ये काय म्हटलंय हे कळायला पुरतो. ज्या कारखान्यात असे मेल रोज येतात, तिथे मालकाने सशुल्क सेवा घेऊन द्यावी. ती न देता कर्मचाऱ्यांना फक्त मनाई केली, तर ते घरच्या फोनवर तेच करतील.