रेफरन्सला ‘नाही’ म्हणायचं तर कुणाला?

जुन्या कर्मचाऱ्याचा रेफरन्ससाठी फोन येतो तो बहुधा घाईतला असतो. मुलाखत पार पडलेली असते, नव्या कंपनीने दोन नावं मागितलेली असतात आणि फॉर्म संध्याकाळच्या आत भरायचा असतो. ‘मॅडम, तुमचं नाव टाकतोय, चालेल ना?’ असं विचारताना त्याने होकार गृहीतच धरलेला असतो. त्याचं काम चांगलं असेल तर काही प्रश्न नाही. पण त्याचं काम आपल्याला पसंत नसेल, तरीही तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणून आपण ‘टाक की’ म्हणून मोकळे होतो. माझ्या मते या प्रसंगात माणसाचं सर्वांत जास्त नुकसान करणारं उत्तर हेच.

कसं, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, भोसरीत सुट्या भागांचा एक मध्यम कारखाना आहे. तिथे एक मुलगा दोन वर्षं अकाउंट्स असिस्टंट होता. महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं जीएसटीचं ३बी विवरणपत्र त्याच्या हातून वारंवार उशिरा जायचं आणि विलंब शुल्क कारखान्याला पडायचं. बँकेच्या खातेउताऱ्याचा मेळ तीन-तीन महिने लागलेला नसायचा. विचारलं की ‘झालंच मॅडम’ हे उत्तर ठरलेलं. पण हाच मुलगा थकलेली बिलं वसूल करण्यात पटाईत होता. समोरच्याला न दुखवता, न कंटाळता तो पैसे आणायचा. पुढे त्याने स्वतःहून राजीनामा दिला. आता त्याला जी नोकरी मिळू घातली आहे, तिथे सगळी विवरणपत्रं एकट्याने सांभाळायची आहेत.

मॅडमनी होकार दिला. आठवडाभराने पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा फोन येतो. कधीपासून कधीपर्यंत होता, पद काय, कुणाच्या हाताखाली, इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग कामाचा दर्जा कसा होता, मुदती पाळायचा का, असे प्रश्न येतात आणि शेवटी, ‘संधी मिळाली तर त्याला पुन्हा घ्याल का?’ मॅडम क्षणभर थांबतात. त्या खोटं बोलल्या, तर नव्या मालकाची फसवणूक होते. खरं बोलल्या, तर ज्याने विश्वासाने नाव दिलं त्याचाच घात होतो. ‘तसा मुलगा चांगला आहे हो’ म्हणून वेळ मारून नेली, तर रोज असे फोन करणाऱ्या माणसाला त्यातलं न बोललेलंही बरोबर कळतं.

आणि त्या मुलाला मात्र काहीच कळत नाही. बऱ्याच ठिकाणी ऑफर लेटरमध्ये ‘पडताळणीच्या अधीन’ अशी अट असते आणि पडताळणी उमेदवाराने आधीची नोकरी सोडल्यावरही चालू असते. अशा वेळी ऑफर मागे घेतली गेली, तर हातची गेलेली आणि पुढचीही गेलेली. म्हणून नकार द्यायचा तो फोन करणाऱ्या एजन्सीला नव्हे. तो त्या मुलाला द्यायचा आणि त्याचा फॉर्म भरून होण्याच्या आत.

तो सांगताना आधी विचारावं, नोकरी नेमकी कशाची? कारण शिफारस माणसाची नसते, अमुक कामासाठी त्या माणसाची असते. मग सरळ बोलावं: ‘हे बघ, या कामासाठी मी तुझी शिफारस करू शकणार नाही. विवरणपत्रांच्या तारखा आपल्याकडे किती वेळा चुकल्या, ते तुलाही माहीत आहे. त्यांनी विचारलं तर मला खरं सांगावं लागेल आणि त्यात तुझं नुकसान होईल. माझं नाव टाकू नकोस.’ एवढं पुरे. कारण एकच असावं आणि ते कामातलं असावं. ‘तुझा स्वभावच आळशी’ असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही आणि त्याचा त्याला उपयोगही नाही. तो वाद घालू लागला, तर जुन्या प्रत्येक चुकीची उजळणी करत बसू नये.

अनेक जण इथे ‘कंपनीचं धोरण आहे, आम्ही रेफरन्स देत नाही’ अशी सबब पुढे करतात. खरोखरच तसं धोरण असेल आणि ते सगळ्यांना लागू असेल, तर उत्तमच. पण गेल्याच महिन्यात त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीसाठी आपण भरभरून बोललो असू, तर ते त्याच्या कानावर गेल्याशिवाय राहत नाही. मग नकारापेक्षा खोटेपणाच जास्त लागतो.

त्याच फोनवर एक वाट मोकळी ठेवता येते: ‘वसुलीचं किंवा ग्राहकांशी बोलायचं काम असेल तर माझं नाव जरूर दे, त्याबद्दल मी मनापासून चांगलं सांगेन.’ हे खरं असेल तरच म्हणावं. आपल्यापेक्षा त्याचं काम जवळून पाहिलेला दुसरा कुणी वरिष्ठ असेल, तर त्याला विचार, असंही सुचवावं.

इथे एक गफलत मात्र होऊ देऊ नये. शिफारस ही मर्जीची गोष्ट आहे, नोकरी केल्याचा दाखला मर्जीचा नाही. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालच्या आदर्श नियमांत कामावरून काढलेल्या कायम कामगारालाही सेवा प्रमाणपत्राचा हक्क लिहिलेला होता. पद आणि कालावधी लिहिलेलं अनुभवपत्र, रिलिव्हिंग लेटर हे कागद काम आवडलं नाही म्हणून अडवून ठेवणं हा अन्यायच आहे. उलट शिफारस नाकारताना ‘तुझ्या कागदांत काही राहिलं असेल तर उद्याच पाठवते’ असं आवर्जून म्हणावं.

खरं सांगितलं तर अब्रुनुकसानीचा दावा होईल, अशी भीती काहींना वाटते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, आधीच्या दंड संहितेप्रमाणेच, कुणाच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला अपवाद आहे. मात्र सद्भावना म्हणजे पुराव्याला धरून आणि विचारलं तेवढंच बोलणं. ऐकीव गोष्टी त्यात बसत नाहीत. खोटी स्तुतीही सुरक्षित नसते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एका शाळा-प्रशासकाच्या प्रकरणात तसं स्पष्ट केलं. त्याच्यावरचे लैंगिक गैरवर्तनाचे आरोप माहीत असूनही जुन्या शाळांनी त्याला बिनशर्त कौतुकाची पत्रं दिली होती आणि पुढच्या शाळेतल्या एका मुलीने त्याच्यावर अत्याचाराचा आरोप केला. इतरांना शारीरिक इजेचा ठोस धोका असताना अशी दिशाभूल करणारी शिफारस लिहिणाऱ्यांवर दावा चालू शकतो, असं न्यायालयाने म्हटलं. आपल्या उदाहरणातला मुलगा अर्थातच त्या जातीचा नाही. त्याच्या तारखा चुकतात, एवढंच. आणि म्हणूनच त्याच्याबाबत मोघम न बोलता नेमकं बोलणं महत्त्वाचं.

कधी कधी मुलगा न विचारताच नाव देऊन मोकळा होतो आणि थेट एजन्सीचाच फोन येतो. तेव्हा फोनवर मत देऊ नये. ‘पद आणि कालावधी यांची माहिती आमचं ऑफिस ईमेलवर कळवेल’ एवढंच सांगावं. एचआर नसेल तर ते ईमेल स्वतः लिहावं आणि त्यात तेवढंच लिहावं. समोरचा यातूनही काही अर्थ काढेल, ते आपल्या हातात नाही. फोन ठेवला की त्याच दिवशी त्या मुलाला कळवावं: त्यांचा फोन आला होता, मी काय सांगितलं ते हे, आणि दुसरं नाव द्यायला अजून वेळ आहे का ते बघ.