रिग्रेट पाठवा, पण वेळेत

भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, असं समजा. चाकणच्या एका कंपनीकडून प्रस्तावाचं निमंत्रण येतं: माल वाहायच्या २५० ट्रॉल्या, दहा आठवड्यांत पुरवायच्या, प्रस्ताव पंधरा दिवसांत द्यायचा. वर्कशॉपची ताकद आठवड्याला ४० ट्रॉल्यांची, आणि पुढचे सहा आठवडे जुन्या ऑर्डरने भरलेले. उरलेल्या चार आठवड्यांत १६० होतील, ९० कमी पडतील. काम घेता येत नाही, हे कागदावर पाच मिनिटांत कळतं. अडचण वेगळीच असते. नाही म्हटलं आणि पुढच्या वेळी निमंत्रणच आलं नाही तर?

या भीतीपोटी बरेच मालक गप्प बसतात, आणि तिथेच फसतात. मुदत संपल्यावर खरेदी अधिकारी तुलनातक्ता तयार करतो. त्यात ज्यांनी भाव दिले त्यांचे आकडे असतात; ज्यांनी नकार कळवला त्यांच्यापुढे ‘रिग्रेट’ लिहिलेलं असतं, आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्यापुढे ‘नो रिस्पॉन्स’. हे दोन शेरे एकसारखे नाहीत. त्याला बहुतेकदा किमान तीन प्रस्ताव हवे असतात. तिसऱ्या दिवशी रिग्रेट मिळालं तर तो चौथ्या पुरवठादाराला बोलावू शकतो. पंधराव्या दिवशी रकाना रिकामा दिसला, तर मुदत वाढवायची आणि वर साहेबांना कारण द्यायचं हे त्याच्या माथी येतं. हा राग तो विसरत नाही. वर्षाच्या शेवटी पुरवठादारांची यादी तपासताना कात्री आधी लागते ती सतत ‘नो रिस्पॉन्स’ असणाऱ्यांना.

दुसरी पळवाट म्हणजे मुद्दाम चढा भाव लावणं. ‘भाव दिला, नाव राहिलं.’ पण कधी इतर प्रस्ताव तांत्रिक छाननीत बाद होतात आणि नको असलेलं काम गळ्यात पडतं. नाहीच पडलं, तरी त्या खरेदी विभागात तुमची ‘महागडे’ अशी ओळख होऊन बसते.

याहून वाईट प्रकार इंग्लंडच्या बांधकाम धंद्यात रुळला होता. काम नको असलेला ठेकेदार स्पर्धकालाच विचारायचा, ‘मी किती भरू?’ आणि स्पर्धक स्वतःपेक्षा चढा आकडा सांगायचा. यादीतून नाव जाईल म्हणून असं केलं, असा अनेकांचा खुलासा होता. २००९ साली तिथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने १०३ कंपन्यांना मिळून १२ कोटी ९२ लाख पौंडांचा दंड ठोठावला. पुढे अपिलात अनेकांचे दंड बरेच कमी झाले, पण गुन्हा गुन्हाच राहिला. आपल्याकडेही २००२ च्या स्पर्धा कायद्यात निविदेतली अशी मिलीभगत बेकायदा आहे. म्हणून नकाराबद्दल स्पर्धकाशी अवाक्षर बोलू नये.

मग भोसरीच्या मालकाने काय करावं? आधी एक फोन: १६० ट्रॉल्यांची अर्धवट ऑर्डर चालेल का? उरलेल्या ९० तीन आठवडे उशिरा चालतील का? चालत असेल, तर नकाराचा प्रश्नच मिटला. नसेल, तर त्याच दिवशी लेखी रिग्रेट. मजकूर चार ओळींचा पुरतो: ‘निमंत्रणाबद्दल आभार. सध्याच्या ऑर्डरमुळे या मुदतीत २५० नग देणं शक्य नाही, म्हणून या वेळी प्रस्ताव देत नाही. सहा आठवड्यांनंतर आठवड्याला ४० नगांची क्षमता मोकळी आहे. अशा कामांसाठी आमचं नाव यादीत ठेवावं, ही विनंती.’ कारण खरं आणि तात्पुरतं असावं. भाव, दुसऱ्या ग्राहकाचं नाव किंवा ‘तुमची पेमेंटची पद्धत बरोबर नाही’ हा सूर पत्रात नको. पेमेंटची तक्रार खरी असेल, तर ती समोरासमोर बसून बोलावी. गोपनीयतेचा करार करून ड्रॉइंग मिळाली असतील, तर ती परत केल्याचं किंवा नष्ट केल्याचंही कळवावं.

निमंत्रण पोर्टलवरून आलं असेल, तर नकारही तिथेच नोंदवावा. एसएपी अरिबावर त्यासाठी Decline to Respond असं बटण असतं. फोनवर कितीही गोड बोललात, तरी ते दाबलं नाही तर सिस्टिममध्ये तुम्ही ‘नो रिस्पॉन्स’च.

याला मर्यादा आहेत. लागोपाठ रिग्रेट येऊ लागली, की चांगल्या पत्राचाही उपयोग होत नाही. अधिकारी समजतो की या माणसाला आमचं काम नकोच आहे. कामांचा प्रकारच जुळत नसेल, तर रिग्रेट पाठवत राहण्यापेक्षा यादीतला आपला वर्ग बदलून घ्यावा. शिवाय रिग्रेट हे प्रस्ताव देण्याआधीचं हत्यार आहे. बोली भरून, ती उघडल्यावर वैधतेच्या मुदतीत मागे घेतली, तर सरकारी निविदेत बयाणा रक्कम जप्त होऊ शकते. तेव्हा निमंत्रण हाती आलं, की हिशेब त्याच आठवड्यात करा आणि जमत नसेल तर त्याच आठवड्यात कळवा.