एप्रिल ते मार्च : तारखेवरून वर्ष आणि तिमाही

१५ फेब्रुवारी २०२५ चा व्यवहार कॅलेंडरप्रमाणे २०२५ सालातला, पण हिशेबाच्या वहीत तो २०२४-२५ च्या चौथ्या तिमाहीत जातो. एक्सेलला हे आपोआप कळत नाही. त्याचं वर्ष १ जानेवारीला सुरू होतं, त्यामुळे पिव्हट टेबलमध्ये तारखा तिमाहीनुसार एकत्र केल्या की जानेवारी ते मार्च ही पहिली तिमाही म्हणून समोर येते. सोसायटीच्या खजिनदाराला मात्र ३१ मार्चला संपणारा हिशेब लेखापरीक्षकापुढे ठेवायचा असतो. म्हणून प्रत्येक ओळीपुढे वर्ष आणि तिमाही सूत्रानेच लिहून घ्यावी.

समजा, A रकान्यात व्यवहारांच्या तारखा आहेत आणि पहिली तारीख A2 मध्ये आहे. B2 मध्ये आर्थिक वर्षाचं सुरुवातीचं साल काढू:

```
=YEAR(A2)-(MONTH(A2)<4)
```

कंसात एक प्रश्न आहे : महिना चारपेक्षा लहान आहे का? उत्तर ‘हो’ आलं तर वजाबाकीत ते १ धरलं जातं, ‘नाही’ आलं तर ०. फेब्रुवारी २०२५ साठी २०२५ मधून १ जाऊन २०२४ येतं, एप्रिल २०२५ साठी २०२५ तसंच राहतं. B रकान्याचा फॉरमॅट General ठेवा, नाहीतर २०२४ हा आकडा तारखेच्या रूपात दिसू लागेल. वर्षाचं नाव C2 मध्ये आणि तिमाही D2 मध्ये अशी येते:

```
=B2&"-"&RIGHT(B2+1,2)
="Q"&CHOOSE(MONTH(A2),4,4,4,1,1,1,2,2,2,3,3,3)
```

CHOOSE मधले बारा आकडे म्हणजे जानेवारीपासूनचे बारा महिने. पहिले तीन चौथ्या तिमाहीत, पुढचे तीन पहिलीत, असं करत डिसेंबर तिसऱ्या तिमाहीत पडतो. याहून आटोपशीर सूत्रं आहेत, पण सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी फाइल उघडली तरी हे नुसतं वाचून तपासता येतं, म्हणून मला हेच पसंत आहे.

तारखेतून ९० दिवस वजा करून वर्ष काढायची पद्धतही दिसते. ती बहुतेक वेळा बरोबर उत्तर देते, आणि धोका नेमका तिथेच आहे. ३१ मार्च २०२४ घ्या. ते लीप वर्ष असल्याने ३१ मार्च हा वर्षातला ९१ वा दिवस होता. त्यातून ९० दिवस गेले की १ जानेवारी २०२४ उरतो, आणि वर्षअखेरची नोंद २०२४-२५ मध्ये जाऊन बसते. २०२३ किंवा २०२५ मध्ये हीच चूक दिसत नाही. दिवस मोजूच नयेत, महिना पाहावा.

सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकतं, ते बहुधा तारखेमुळे. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये 03/04/2025 म्हणजे ३ एप्रिल. पण संगणकाची मांडणी अमेरिकी असेल, तर CSV फाइल उघडताना ती ४ मार्च म्हणून वाचली जाते. नवीन वर्षाची पहिली तिमाही जाऊन जुन्या वर्षाची चौथी येते, आणि पडद्यावर कसलीही चूक दाखवली जात नाही. त्याच फाइलमधली 15/04/2025 ही तारीख मात्र पंधरावा महिना नसल्याने मजकूर म्हणूनच राहते. ओळखायची खूण हीच : बारा तारखेपर्यंतच्या नोंदी सेलमध्ये उजवीकडे आणि तेरापासूनच्या डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर उजवीकडच्या नोंदींतले दिवस-महिने उलटलेले असणार. त्या एकेक दुरुस्त करत बसू नका. विंडोजच्या Region सेटिंगमध्ये English (India) निवडून मूळ फाइल पुन्हा उघडा.

रिकाम्या ओळीही सूत्राला फसवतात. एक्सेल रिकाम्या सेलला शून्य धरतं, त्याला ते जानेवारी १९०० समजतं, आणि C रकान्यात `1899-00` उमटतं. त्यासाठी B2 मधलं सूत्र असं बांधावं:

```
=IF(ISNUMBER(A2),YEAR(A2)-(MONTH(A2)<4),"तपासा")
```

मजकूर राहिलेली तारीखही यात पकडली जाते. C2 आणि D2 मध्येही ISNUMBER(A2) ची हीच अट लावा, म्हणजे तिथे भलतंच काही दिसणार नाही. उलटी वाचलेली तारीख मात्र खरी तारीखच असल्याने ही अट तिला अडवू शकत नाही.

एक गोष्ट सूत्राच्या हातात नाही. ३० मार्चला दिलेला धनादेश २ एप्रिलला वटला, तर वहीत एक तारीख असते आणि बँकेत दुसरी. A रकान्यात कोणती घ्यायची हे हिशेबाच्या पद्धतीवरून आधी ठरवा आणि वर्षभर तीच ठेवा. सूत्र खालच्या ओळींत ओढण्याआधी ३१ डिसेंबर, १ जानेवारी, ३१ मार्च आणि १ एप्रिल या चार तारखा A रकान्यात टाकून पाहा. तिमाह्या Q3, Q4, Q4, Q1 अशाच आल्या पाहिजेत.