पहिल्या आठवड्यातला कौल

लीश्मानिया मेजर हा वाळूमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरणारा एकपेशीय परजीवी. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत तो माणसांच्या कातडीवर महिनोन्‌महिने न भरणारे व्रण उठवतो. प्रयोगशाळेत हाच परजीवी उंदरांच्या दोन वाणांच्या पावलांत टोचला, तर दोघांची गत अगदी वेगळी होते. सी५७ब्लॅक/६ या काळ्या वाणाच्या उंदराचे पाऊल सुजते, तिथे व्रण होतो आणि काही आठवड्यांत तो भरून येतो. पुढे परजीवी पुन्हा टोचला, तरी तो उंदीर आजारी पडत नाही. बाल्ब/सी या पांढऱ्या वाणात मात्र सूज वाढतच जाते, पाऊल सडू लागते, परजीवी यकृतात आणि प्लीहेत पोचतो आणि उंदीर मरतो.

पांढऱ्या उंदराची प्रतिकारशक्ती कमकुवत असते, असे मात्र नाही. त्याच्या रक्तात परजीवीविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर असतात. पण ती इथे निरुपयोगी ठरतात, कारण लीश्मानिया रक्तात मोकळा फिरत नाही. तो मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींच्या पोटात दडून राहतो आणि प्रतिपिंडे पेशीच्या आत शिरू शकत नाहीत. गिळलेला परजीवी मारायचा, तर मॅक्रोफेजला तसा हुकूम मिळावा लागतो. तो हुकूम देणे हे साहाय्यक टी पेशींचे काम आहे. काळ्या उंदरात तो हुकूम सुटतो आणि पांढऱ्यात भलताच सुटतो.

साहाय्यक टी पेशींत मुळात दोन जाती असतात, हे १९८६ मध्ये टिमोथी मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी कॅलिफोर्नियातल्या डीएनएएक्स संस्थेत दाखवले. त्यांनी उंदरांच्या एकेका टी पेशीपासून वाढवलेले वंश तपासले, तेव्हा काही वंश गॅमा इंटरफेरॉन सोडत होते आणि काही इंटरल्यूकिन-४. पहिल्या जातीला त्यांनी टीएच१ म्हटले, दुसरीला टीएच२. गॅमा इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन ही सारी सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडलेली छोटी प्रथिने.

या जाती जन्मजात नसतात. थायमस ग्रंथीतून बाहेर पडलेली साहाय्यक टी पेशी कोरी असते. तिच्या पृष्ठभागावरचा ग्राहक कोणत्या प्रथिनाचा तुकडा ओळखणार, एवढेच ठरलेले असते. ओळखल्यावर काय करायचे, ते नाही. ती रक्तातून लसिका ग्रंथींत आणि तिथून पुन्हा रक्तात फिरत राहते. दरम्यान संसर्गाच्या जागेवरून डेंड्रायटिक पेशी परजीवीचे तुकडे घेऊन लसिका ग्रंथीत येते. तिथे कोऱ्या पेशीला तीन संकेत मिळतात. पहिला, तिने ओळखलेला तुकडा. दुसरा, डेंड्रायटिक पेशीवरच्या रेणूंशी झालेली जुळणी. धोका खरा आहे, याची ती खात्री. या दोन संकेतांनी पेशी जागी होते आणि वेगाने विभागू लागते. आपल्या गोष्टीत निर्णायक आहे तो तिसरा संकेत, म्हणजे त्या वेळी आसपास असलेली सायटोकाइन.

टीएच१ची वाट इंटरल्यूकिन-१२ उघडते. काही जिवाणूंचे आणि परजीवींचे घटक ओळखले की डेंड्रायटिक पेशी आणि मॅक्रोफेज ते सोडतात. टी पेशीने हा निरोप घेतला की आतले स्टॅट४ हे प्रथिन जागे होते आणि गॅमा इंटरफेरॉन बनू लागते. गॅमा इंटरफेरॉनच्या निरोपाने टी-बेट या प्रथिनाचे उत्पादन वाढते. टी-बेट हा या जातीचा मुख्य कारभारी. कोणती जनुके चालू ठेवायची आणि कोणती बंद, हे तो ठरवतो. टीएच२च्या वाटेवर हेच काम इंटरल्यूकिन-४, स्टॅट६ आणि गाटा३ हे त्रिकूट करते. त्यातून इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ सोडणारी पेशी घडते. आतड्यातल्या जंतांशी झुंजायला ती उपयोगी पडते आणि दम्यासारख्या ॲलर्जीच्या आजारांत तीच त्रास देते.

दोन्ही वाटांवर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. टीएच२ पेशी इंटरल्यूकिन-४ सोडते आणि त्यानेच शेजारच्या कोऱ्या पेशी टीएच२ होतात. म्हणजे जात स्वतःला वाढवते. शिवाय ती दुसरीला दाबते. टी-बेट गाटा३ला अडवतो, गाटा३ टीएच१च्या जनुकांना. सुरुवातीचा फरक छोटा असला, तरी काही दिवसांत तो एकतर्फी होतो.

आता उंदरांकडे परत येऊ. पांढऱ्या वाणात परजीवी शिरल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच टी पेशींचा एक छोटा गट इंटरल्यूकिन-४ सोडू लागतो आणि पारडे टीएच२कडे झुकते. यावर १९९० च्या सुमारास निर्णायक प्रयोग झाले. परजीवी टोचतानाच पांढऱ्या उंदरांना इंटरल्यूकिन-४ निष्प्रभ करणारे प्रतिपिंड दिले, तर ते बरे झाले. संसर्गाच्या पहिल्या आठवड्यात इंटरल्यूकिन-१२ दिले, तरीही बरे झाले. उलट, काळ्या उंदरांचे गॅमा इंटरफेरॉन सुरुवातीलाच अडवले, तर तेही आजारी पडले. पांढऱ्या उंदरांवर हेच उपचार काही आठवड्यांनी केले, तर मात्र त्यांचा उपयोग झाला नाही.

उशिरा दिलेले औषध का चालत नाही? इंटरल्यूकिन-१२ ऐकण्यासाठी टी पेशीवर दोन भागांचा ग्राहक लागतो. गॅमा इंटरफेरॉन त्यातला एक भाग टिकवून ठेवते, तर इंटरल्यूकिन-४च्या प्रभावाखाली तो पेशीवरून नाहीसा होतो. नंतर कितीही इंटरल्यूकिन-१२ ओतले, तरी ते ऐकणारा कानच उरलेला नसतो. शिवाय पेशी विभागत जाते तसतशी नको असलेल्या जनुकांभोवतीची डीएनएची गुंडाळी घट्ट होते आणि हव्या असलेल्यांची सैल राहते. ही मांडणी लेकी-पेशींकडे जाते. कौल लागतो तो पहिल्या काही दिवसांत. नंतर त्याची फक्त अंमलबजावणी होते.

या अंमलबजावणीचा शेवट मॅक्रोफेजमध्ये होतो. गॅमा इंटरफेरॉन मिळालेला मॅक्रोफेज आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतो आणि त्या विषारी वायूने पोटातला परजीवी मारतो. इंटरल्यूकिन-४ मिळालेला मॅक्रोफेज तेच आर्जिनिन दुसऱ्या विकराच्या हवाली करतो. त्यातून होणारी द्रव्ये एरवी जखम भरायला उपयोगी असतात. इथे ती परजीवीच्या वाढीला हातभार लावतात. कच्चा माल एकच असतो, पण उंदीर जगतो की मरतो हे त्याच्या वापरावर ठरते.

पुढे या दोन जातींत भर पडली आणि त्यातला सर्वांत चकित करणारा फाटा ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर-बीटा या सायटोकाइनचा आहे. जागी झालेल्या कोऱ्या पेशीला हे सायटोकाइन इंटरल्यूकिन-२सोबत मिळाले, तर फॉक्सपी३ हे प्रथिन बनते आणि पेशी नियामक होते. म्हणजे ती इतर टी पेशींना आवर घालते. शरीर स्वतःवर हल्ला का करत नाही, याचे एक उत्तर अशा नियामक पेशींत आहे. त्यांच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर-बीटाच्या जोडीला इंटरल्यूकिन-६ असेल, तर फॉक्सपी३ मागे पडतो, आरओआर-गॅमा-टी हा कारभारी पुढे येतो आणि टीएच१७ ही दाह पेटवणारी पेशी तयार होते. ही जोडी २००६ मध्ये उघड झाली. इंटरल्यूकिन-६ हे संसर्ग आणि इजा यांत वाढणारे सायटोकाइन. त्यामुळे शांत ऊतकात जो निरोप ‘सबुरीने घ्या’ सांगतो, तोच धोक्याच्या वेळी ‘तुटून पडा’ असा ऐकू येतो. टीएच१७ पेशींना पुढे टिकवून धरते ते इंटरल्यूकिन-२३. आणखी एक जात लसिका ग्रंथीतच थांबून बी पेशींना चांगली प्रतिपिंडे बनवायला मदत करते. उंदरांत तिला घडवण्यात इंटरल्यूकिन-६ आणि २१ यांचा हात असतो.

उंदरांच्या एका वाणात जितके स्वच्छ चित्र दिसते, तितके माणसांत दिसत नाही. तरी कुष्ठरोगात त्याची छाया ओळखता येते. जगातले निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरुग्ण भारतात आढळतात. या रोगाच्या एका टोकाला मोजके चट्टे आणि अगदी थोडे जंतू असतात, दुसऱ्या टोकाला जंतूंनी भरलेली कातडी. १९९१ मध्ये दोन्ही टोकांच्या रुग्णांच्या कातडीचे तुकडे तपासले, तेव्हा पहिल्यात गॅमा इंटरफेरॉनचे आणि दुसऱ्यात इंटरल्यूकिन-४, ५ व १० यांचे निरोप प्रबळ दिसले. पण म्हणून टीएच१ नेहमी चांगली, असे समजायचे कारण नाही. कुष्ठरोगात अचानक टीएच१ची उसळी आली, तर मज्जातंतू सुजतात आणि वेळीच उपचार झाले नाहीत, तर हात-पाय कायमचे अधू होऊ शकतात.

आणखी भक्कम पुरावा जन्मजात दोषांतून मिळतो. इंटरल्यूकिन-१२च्या ग्राहकात दोष असलेल्या मुलांना बीसीजीच्या लसीतल्या निर्बल जंतूंचाही गंभीर संसर्ग होऊ शकतो. स्टॅट३ या प्रथिनात दोष असेल, तर इंटरल्यूकिन-६ आणि २३ यांचे निरोप पेशीत नीट पोचत नाहीत, टीएच१७ पेशी फारशा तयार होत नाहीत आणि बुरशीचे संसर्ग पुन्हापुन्हा होतात. एकेक सायटोकाइन नेमके कशासाठी लागते, हे अशा रुग्णांनी दाखवून दिले.

एखादी पेशी कोणत्या जातीची, हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. रक्तातल्या पेशींना काही तास उत्तेजन देतात, त्यांनी बनवलेले सायटोकाइन बाहेर पडू न देता आतच अडवतात आणि चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी रंगवून फ्लो सायटोमीटरमधून मोजतात. त्यात अनेकदा एकाच पेशीत दोन जातींच्या खुणा सापडतात. टीएच१७ पेशी तर पुढे गॅमा इंटरफेरॉनही सोडू लागते. म्हणजे वाटा पक्क्या असल्या, तरी त्यांच्यामध्ये भिंती नाहीत.

उपचारांच्या मर्यादाही यातूनच कळतात. आज इसबावर वापरले जाणारे ड्युपिलुमॅब इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचे निरोप अडवते. सोरायसिसवरचे सेक्युकिनुमॅब इंटरल्यूकिन-१७ए अडवते. पण आतड्याच्या क्रोन्स आजारात ते वापरून पाहिले, तेव्हा फायदा तर झाला नाहीच, काही रुग्णांचा त्रास वाढला. आतड्याच्या अस्तराची राखण करायला तेच सायटोकाइन लागते. आणि ही औषधे निरोप अडवतात, निरोप पाठवणारी पेशी मात्र तिने घेतलेल्या निर्णयासह शरीरात राहतेच. म्हणून बऱ्याच रुग्णांत इंजेक्शने थांबवली की इसब परत येते. पांढऱ्या उंदराला इंटरल्यूकिन-१२ पहिल्याच आठवड्यात देता आले, कारण परजीवी कोणत्या दिवशी टोचला, ते ठाऊक होते. दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाच्या टी पेशींनी मात्र आपला कौल आधीच देऊन टाकलेला असतो.